एसएमएसचा कोड, ऑथेंटिकेटर ॲप आणि सिक्युरिटी की: घरच्या माणसांनी काय वापरावं?

प्रश्न: मी विट्याला राहते. मिस्टरांचं सोन्या-चांदीच्या गलाईचं दुकान कोइमतूरला आहे. दुकानाचं जीमेल, बँक, फेसबुक, सगळ्यांचे कोड माझ्या मोबाइलवर येतात आणि ते फोन करून मला विचारतात. भाचा म्हणतो, एसएमएसचे कोड बंद करा, ऑथेंटिकेटर ॲप घ्या. त्याचा मित्र म्हणतो, यूएसबीची सिक्युरिटी की घ्या. आमच्यासारख्या साध्या माणसांनी नेमकं काय वापरावं?

उत्तर:

ताई, आधी थोडक्यात सांगतो. जीमेलला पासकी लावा, म्हणजे मोबाइलवर बोट ठेवून खातं उघडायची सोय. तिच्यामागचं तंत्र सिक्युरिटी कीचंच, म्हणजे यूएसबीला लावायच्या त्या छोट्या साधनाचंच आहे, पण ती मोबाइलमध्येच राहते आणि वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फेसबुकसारख्या खात्यांना ऑथेंटिकेटर ॲप लावा आणि ते दोघांच्याही मोबाइलवर ठेवा. बँकेचा कोड एसएमएसनेच येत राहील, त्यात निवड बहुधा तुमच्या हातात नाही. पण तो ज्या नंबरावर येतो तो नंबर बदलून घ्या. विकतची की तुम्हाला सध्या लागत नाही.

मी साताऱ्यात पतसंस्था आणि दुकानदारांच्या संगणकांची सुरक्षा बघतो. खानापूर-आटपाडी भागातली गलाईवाली कुटुंबं माझ्याकडे येतात, त्यांच्यात तुमच्यासारखीच मांडणी नेहमी दिसते. दुकान एका राज्यात, नंबर गावाकडे, आणि दिवसातून दोनदा फोन: "कोड आला का, सांग." मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या सवयीची. फोनवर कोड सांगणं हे रोजचं काम झालं, की ज्या दिवशी समोरून मिस्टरांच्या नावाने किंवा बँकेच्या नावाने दुसरंच कोणी मागतं, त्या दिवशीही तोंडातून आकडे सहज निघतात. म्हणून तिन्ही साधनांची तुलना मी एकाच प्रश्नावर करतो: हा कोड दुसऱ्याला सांगता येतो का?

एसएमएसपासून सुरुवात करू. तो कोड तुमच्या मोबाइलला येत नाही, तुमच्या नंबराला येतो. ते सिम ज्याच्या हातात, त्याला कोड मिळतो. खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबराचं नवीन सिम काढायचं, ही यातली जुनी चोरी. आपल्याकडे तिला दोन अडथळे आहेत. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरावर एसएमएस बंद ठेवतात. आणि १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. २४ तासांचा अडथळा उपयोगी पडतो, पण तुम्ही तेवढ्या वेळात जागं व्हायला हवं. खूण सोपी आहे. घरातल्या इतरांना रेंज आहे, तुमच्याच मोबाइलवर नाही, आणि बंद करून चालू केल्यावरही येत नाही. असं झालं तर 'उद्या बघू' म्हणू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की सिम बदललंय का. बदललं असेल तर आधी बँकेला कळवून व्यवहार थांबवा आणि मग मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जा.

तुमच्या बाबतीत इथे एक गोष्ट तपासायला हवी: ते सिम कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे बायकोचं सिम नवऱ्याच्या नावावर आणि आईचं मुलाच्या नावावर असं सर्रास असतं. मोबाइल हरवला की बदली सिमसाठी ज्याच्या नावावर आहे त्यालाच जावं लागतं. तो कोइमतूरला असेल, तर तुमचे सगळे कोड तितके दिवस अडकून पडतात.

सिम चोरण्यापेक्षा आता सोपा रस्ता निघालाय तो व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फाइलचा. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी, नाव काहीही असतं; शेवटी `.apk` असतं. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, `.apk` म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचं ॲप. ते बसवताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली, की तुमचा प्रत्येक कोड येता क्षणी पुढे निघून जातो. सिम तुमच्याच मोबाइलमध्ये असतं, रेंज असते, त्यामुळे वरची खूण इथे दिसतच नाही. तपासायचं असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये `Permission manager` शोधा आणि त्यात `SMS` उघडा. एसएमएस वाचायचं ज्याला काही कारण नाही असं एखादं ॲप त्या यादीत दिसलं, तर आधी इंटरनेट बंद करा, मग ते ॲप काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला.

हे वाचून एसएमएसचा कोडच बंद करून टाकावा असं वाटेल. तसं करू नका. दुसरा पर्याय लावल्याशिवाय तो काढलात, तर मागे फक्त पासवर्ड उरतो, आणि ती अवस्था कितीतरी वाईट. गूगलने २०१९ साली दोन विद्यापीठांसोबत आपल्या खात्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की एसएमएसच्या कोडने यंत्राने केलेले सगळे हल्ले थांबले आणि सरसकट पाठवलेल्या फसव्या संदेशांपैकी ९६ टक्के थांबले. एकाच माणसाला हेरून केलेल्या हल्ल्यांत मात्र तो ७६ टक्क्यांवर आला. सिक्युरिटी की असलेल्या खात्यांत या तिन्ही प्रकारांतलं काहीच आत गेलं नाही. हा फरक का पडतो ते एका उदाहरणाने सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते.

समजा, मिस्टर दुकानातल्या संगणकावर बसलेत. मेल येतो: "तुमच्या खात्यातली जागा भरली आहे, २४ तासांत मेल बंद होतील." खाली दुवा असतो. दाबल्यावर हुबेहूब गूगलचं पान उघडतं, फक्त वरचा पत्ता `google-mail-storage.example` असा काहीतरी असतो. ते ईमेल आणि पासवर्ड टाकतात. हे पान ती माहिती त्याच क्षणी खऱ्या गूगलच्या पानावर टाकतं. गूगलला वाटतं खरा माणूस आलाय, म्हणून ते कोड पाठवतं. विट्यात तुमचा मोबाइल वाजतो. खोटं पान म्हणतं, "कोड टाका." मिस्टर तुम्हाला फोन करतात, तुम्ही सांगता, ते टाकतात, आणि खोटं पान तो कोड खऱ्या पानावर नेऊन ठेवतं. खातं उघडतं, पण ते तिसऱ्याच माणसाच्या संगणकावर. इथे सिम चोरलेलं नाही, मोबाइलमध्ये काही घुसलेलं नाही. कोड खरा होता, गूगलनेच पाठवला होता, आणि नवरा-बायकोने आपापसांतच सांगितला होता.

आता एसएमएसच्या जागी ऑथेंटिकेटर ॲप ठेवून हाच प्रसंग पुन्हा बघा. ॲप लावताना पडद्यावर एक क्यूआर दिसतो. त्यात एक गुप्त किल्ली असते. तीच किल्ली गूगलकडेही असते. दोन्हीकडे ती किल्ली आणि घड्याळातली वेळ घेऊन एकच गणित होतं, म्हणून दोन्हीकडे सहा आकडे सारखेच येतात आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतात. यात मोबाइल कंपनीचा काही संबंध येत नाही. सिम चोरलं तरी कोड जात नाही, आणि एसएमएस वाचणाऱ्या फाइलला वाचायला काही मिळत नाही. रेंज नसली तरी चालतं. पाटणच्या आतल्या गावांत जिथे एसएमएस तासाभराने येतो, तिथल्या लोकांना मी ॲपच देतो. पण वरच्या प्रसंगात मिस्टरांनी ॲपमधले सहा आकडे खोट्या पानावर टाकले, तर तेही तसेच पुढे जातात. ३० सेकंद माणसाला घाईचे वाटतात, यंत्राला ते भरपूर झाले. म्हणजे चोरीला गेलेल्या सिमपुढे ॲप टिकतं, फसव्या पानापुढे ते एसएमएसइतकंच उघडं आहे.

सिक्युरिटी की आणि पासकी इथे वेगळ्या पडतात. तुम्ही की एखाद्या खात्याला जोडता, तेव्हा ती त्या संकेतस्थळासाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करते. खाजगी किल्ली कीमध्येच राहते, सार्वजनिक किल्ली गूगलकडे जाते. त्या जोडीवर संकेतस्थळाचा पत्ता कायमचा बांधलेला असतो: `google.com`. पुढे लॉग-इन करताना गूगल दर वेळी नवा प्रश्न पाठवतं, की त्याच्यावर सही करून उत्तर देते, आणि त्या सहीत आपण कोणत्या पत्त्यावर उभे आहोत ते ब्राउझर स्वतः लिहितो. माणसाला पत्ता वाचावा लागत नाही. खोट्या पानाने कितीही हुबेहूब चेहरा घेतला, तरी ब्राउझरला पत्ता `google-mail-storage.example` असाच दिसतो, आणि त्या पत्त्याची जोडी कीकडे नसते. मग सही होतच नाही. मिस्टर फसले, त्यांनी पासवर्ड टाकला, तरी पुढची पायरी घडत नाही. सांगायला आकडेच नसतात.

२०२२ साली क्लाउडफ्लेअर या कंपनीत हे प्रत्यक्ष घडलं. कर्मचाऱ्यांना एसएमएसने खोट्या लॉग-इन पानाचा दुवा आला, आणि तिघांनी त्यावर आपली माहिती टाकलीसुद्धा. ही माणसं रोज इंटरनेटच्या सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीतली होती. चोरांना आत जाता आलं नाही, कारण त्या कंपनीत प्रत्येकाच्या लॉग-इनला सिक्युरिटी की लागत होती. म्हणून "नीट पत्ता बघत जा" हा सल्ला मी देतो, पण त्याच्यावर विसंबून राहत नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना पत्ता कोण वाचतं?

तरीही तुम्हाला विकतची की घ्यायला सांगत नाही, याची कारणं व्यवहाराची आहेत. चांगल्या कंपनीची एक की काही हजार रुपयांना पडते, आणि एक घेऊन चालत नाही. एक हरवली तर खातं उघडायला दुसरी लागते, म्हणून दोन घ्याव्या लागतात, आणि दोन्ही प्रत्येक खात्याला आधीच जोडून ठेवाव्या लागतात. तुमची बहुतेक महत्त्वाची खाती, म्हणजे बँक आणि सरकारी कामं, ती की घेतच नाहीत. मी की घ्यायला लावतो ते पतसंस्थेच्या ईमेलचा ताबा असलेल्या माणसाला, शंभर अशिलांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या सीएला, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला. ज्यांना कोणीतरी मुद्दाम हेरू शकतं अशांना. शिवाय ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही पण संगणकावर काम आहे, त्यालाही कीच बरी पडते.

बाकीच्यांना पासकी पुरते. तिच्यातही पत्त्याला बांधलेली किल्ल्यांची जोडी तीच, फक्त ती मोबाइलमध्ये राहते आणि बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने उघडते. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा मोबाइल असला की चालतो, आयफोनला आयओएस १६ लागतं. एका जीमेलला एकाहून जास्त पासकी जोडता येतात, म्हणून तुमची तुमच्या मोबाइलवर आणि मिस्टरांची त्यांच्या मोबाइलवर, अशा दोन करा. `myaccount.google.com` उघडा, `Security` मध्ये जा, तिथे `Passkeys and security keys` आहे. एका मोबाइलवर एक झाली की दुसऱ्या मोबाइलवर तेच खातं उघडून तिथली वेगळी करा.

दुकानातल्या संगणकावर लॉग-इन करताना पडद्यावर क्यूआर येईल. मिस्टरांनी तो आपल्या मोबाइलने स्कॅन करायचा आणि बोट ठेवायचं. त्या वेळी मोबाइल आणि संगणक दोन्हींचं ब्लूटूथ चालू लागतं, कारण मोबाइल त्या संगणकाजवळ आहे की नाही हे ब्लूटूथवरून तपासलं जातं. याचा अर्थ, कोणी व्हॉट्सॲपवर क्यूआरचा फोटो पाठवला आणि तुम्ही विट्यात बसून तो स्कॅन केलात, तरी दूरच्या संगणकावर खातं उघडणार नाही. तुमच्या घरात रोज जो कोड फोनवरून जातो, तो प्रकार इथे करायचा म्हटला तरी होत नाही. तुमच्यासाठी पासकी निवडण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे.

पासकी लावून काम संपत नाही. गूगलच्या लॉग-इन पानावर `Try another way` असतं आणि तिथून एसएमएसचा जुना रस्ता उघडाच राहतो. चोराला हे माहीत असतं. त्याचं खोटं पान म्हणेल, "पासकी सध्या चालत नाही, मोबाइलवर आलेला कोड टाका." इथे खूण लक्षात ठेवा: रोज बोट ठेवून उघडणारं खातं अचानक कोड मागायला लागलं, तर पान बंद करा आणि पत्ता स्वतः टाइप करून पुन्हा उघडा. आणि एक-दोन महिने पासकी दोन्ही मोबाइलवर सुरळीत चालली, की `2-Step Verification` मधून एसएमएसचा नंबर काढून टाका. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर वेगळ्या ठिकाणी असतो, तो मात्र राहू द्या. साध्या माणसाचं खातं चोराने नेण्याइतकंच मालकालाच उघडता न येण्याने जातं, हे मी वारंवार बघतो.

नंबर काढण्याआधी `Backup codes` मधून १० कोड घ्या. प्रत्येक आठ आकड्यांचा असतो आणि एकदाच चालतो. ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका, कारण मोबाइल हरवला की फोटोही गेले. कागदावर लिहून एक प्रत विट्याच्या कपाटात ठेवा, एक कोइमतूरच्या तिजोरीत.

पासकीची सुरक्षा मोबाइलच्या स्क्रीन लॉकइतकीच असते. घरातल्या पोरांना तुमचा पॅटर्न माहीत असेल, तर पासकीही त्यांच्या हातात आहे. पॅटर्न काढा, सहा आकडी पिन ठेवा, आणि तो जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नसावा.

आता फेसबुक. तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावताना क्यूआर दिसेल, तेव्हा दोघांचे मोबाइल शेजारी ठेवा आणि तोच क्यूआर दोन्हींवर स्कॅन करा. किल्ली एकच असल्यामुळे दोन्ही मोबाइलवर सारखेच आकडे येतील आणि फोन करून विचारायची गरज उरणार नाही. हे सुरुवातीलाच करा, कारण नंतर तो क्यूआर पुन्हा दिसत नाही. दोन मोबाइल असण्याचा दुसरा फायदा असा, की एक हरवला तर दुसऱ्यावर कोड चालू राहतात. ॲपची सगळ्यात नेहमीची तक्रार 'कोड चुकीचा दाखवतं' ही असते, आणि बहुतेक वेळा मोबाइलचं घड्याळ पुढे-मागे झालेलं असतं. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवली की ती मिटते. नवीन मोबाइल घेतलात तर जुना विकण्याआधी किंवा पुसण्याआधी ॲपमधली खाती नव्यावर हलवा. गूगल ऑथेंटिकेटर २०२३ पासून खाती तुमच्या गूगल खात्यात साठवू शकतं, ते सोयीचं आहे. फक्त त्याच गूगल खात्याचं कुलूप त्याच ॲपमधल्या कोडवर ठेवू नका, नाहीतर खातं उघडायला कोड हवा आणि कोड मिळायला खातं हवं असा गुंता होतो.

बँकेचं उत्तर साधं आहे. जो व्यवहार करतो, त्याच्या हातातला नंबर बँकेत नोंदलेला असावा. खातं मिस्टरांच्या नावावर असेल तर त्यांचा नंबर शाखेत जाऊन नोंदवा. दोघांनाही व्यवहार बघायचे असतील तर बँकेला विचारा, चालू खात्याला दुसरा वापरकर्ता त्याच्या स्वतःच्या नंबरासह मिळतो का. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले, त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात पैशांच्या व्यवहाराला दोन घटकांची अट आहे आणि एसएमएसखेरीज इतर साधनांनाही जागा आहे. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये मंजुरीचा असा दुसरा पर्याय दिसला तर तो घ्या. व्हॉट्सॲपचा नोंदणीचा कोड एसएमएसने येतो, म्हणून तिथे `Two-step verification` चा सहा आकडी पिन आजच लावा. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

हे सगळं कुठे थांबतं तेही सांगतो. कोणी पोलीस असल्याची बतावणी करून मिस्टरांना घाबरवलं आणि त्यांनी स्वतःच यूपीआय पिन टाकून पैसे पाठवले, तर तिथे की, पासकी किंवा ॲप काहीच आडवं येत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवायचे असतात, म्हणून तासांचा हिशेब असतो.

पासकी, फेसबुकचा क्यूआर आणि सिमच्या नावाची तपासणी या तिन्हींना दोघं एका जागी असलेलं बरं. मिस्टर यात्रेला किंवा दिवाळीला गावी येतील तेव्हा एक दुपार त्यासाठी काढा. बँकेचा नंबर बदलायचं कामही त्याच मुक्कामात करा, कारण काही बँका त्यासाठी खातेदाराला मूळ शाखेत बोलावतात. तोपर्यंत एवढं ठरवा: कोड सांगण्याआधी फोन तुम्ही त्यांना लावायचा, आलेल्या फोनवर सांगायचा नाही, आणि एसएमएसमध्ये कोडबरोबर कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं ते आधी मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यांनी मागितलं होतं त्याच कामाचा तो असेल, तरच आकडे सांगायचे.